खाली तोंड असलेले बाण

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. सेंद्रिय रसायनाच्या पाठांतराला मुलं कंटाळायची, मीही कंटाळायचे. पण इलेक्ट्रॉनांचे चौकोन काढायचा दिवस आला की मला सकाळपासून बरं वाटायचं. त्या दिवशी मी नवीन खडू घेऊन जायचे, जुन्याचं थोटूक नाही.

ज्यांनी बारावीनंतर या विषयाचं तोंड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, फार अवघड नाही. अणूतले इलेक्ट्रॉन कसे मांडलेले आहेत हे दाखवायला आपण चौकोन काढतो. इलेक्ट्रॉनांच्या जागांचे प्रकार असतात: एस असेल तर एक चौकोन, पी असेल तर ओळीने तीन, डी असेल तर पाच. इलेक्ट्रॉन म्हणजे बाण. भरताना कमी ऊर्जेची जागा आधी: वन एस, टू एस, टू पी, थ्री एस, थ्री पी, आणि इथे सगळी मुलं फसतात, कारण यानंतर थ्री डी येत नाही, फोर एस येतं आणि मग थ्री डी. एका चौकोनात दोनच्या वर बाण नाहीत, आणि दोन असतील तर एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. शेवटचा नियम असा की सारख्या ऊर्जेचे चौकोन शेजारी शेजारी असतील, तर आधी प्रत्येकात एकेक बाण घालायचा, आणि त्या एकट्या बाणांची तोंडं एकाच दिशेला ठेवायची. जोड्या नंतर.

‘एकाच दिशेला’ असं तो नियम म्हणतो. ‘वर’ असं म्हणत नाही. पुस्तकं वर काढतात, कारण कुठल्यातरी दिशेला काढायला हवेतच. सगळेच्या सगळे एकटे बाण खाली तोंड करून काढले, तर अणूला त्याचं सुखदुःख नसतं. ऊर्जा तीच, एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या तीच, चुंबकाकडे ओढलं जाणंही तेच. एक वर, एक खाली असं मिसळलं, तर मात्र चूक.

हे मला कुणा प्रोफेसरांनी शिकवलं नाही. मैत्रिणीने शिकवलं.

बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. ती कोथरूडची, म्हणजे तेव्हाच्या कोथरूडची, जिथे बसस्टॉपच्या मागे अजून शेतं होती. मी नारायण पेठेतली. संध्याकाळी प्रॅक्टिकल संपलं की मी उगाचच तिच्याबरोबर बसने कोथरूडपर्यंत जायचे आणि त्याच बसने परत यायचे. घरी विचारलं तर लायब्ररीत होते म्हणून सांगायचे. आमची निम्मी केमिस्ट्री त्या बसमध्ये झाली.

आमच्या सरांनी तो शेवटचा नियम बसचंच उदाहरण देऊन शिकवला होता. प्रवासी आधी रिकामी सीट बघून एकटे बसतात, सगळ्या सीटवर एकेक माणूस झाल्यावरच दुसऱ्याच्या शेजारी टेकतात. सगळेच शिक्षक हे उदाहरण देतात. ती मात्र त्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, “हे अर्धंच झालं गं. तोंडं एकाच दिशेला का, ते कुठे आलं यात?” मग खिडकीबाहेर बघता बघता एकदम म्हणाली, “आलंय की! बघ, सगळ्यांची तोंडं ड्रायव्हरकडे. बस कोथरूडला चाललेली असो नाहीतर कोथरूडहून येत असो. बस तीच, माणसं तीच. दिशा उलटी झाली म्हणून बस चुकली असं कोणी म्हणतं का?”

मला ते इतकं आवडलं की मी कंडक्टरसमोर टाळी वाजवली. कंडक्टर म्हणाला, “पुढे सरका.”

तिचे स्वतःचे बाण खालीच असायचे. त्यात तत्त्वज्ञान नव्हतं, शुद्ध आळस होता. रेघ आपण वरून खाली ओढतो, तर टोकही तिथेच खाली देऊन मोकळं व्हायचं, परत वर कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. जोडी असली की दुसरा बाण ती वर तोंड करून काढायची, पण पहिला, एकटा बाण कायम खाली. सत्र परीक्षेत ऑक्सिजन आला. टू पीमध्ये चार इलेक्ट्रॉन: पहिल्या चौकोनात जोडी, पुढच्या दोनांत एकेक. तिने एकेकटे दोन्ही खाली काढले. सरांनी त्यावर फुली मारली आणि दोन मार्क कापले.

ती रडली. मार्क कापल्याचं दुःख होतंच, पण आपलं बरोबर असून सिद्ध करायला तोंड उघडत नाही, याचं जास्त. त्या वयात ती फार भित्री होती. मी तिचा पेपर हिसकावला आणि स्टाफरूममध्ये गेले. ती दाराबाहेर उभी. मी सरांना बस सांगितली, कोथरूडहून येणारीसुद्धा. शेजारी बसलेले दोन प्रोफेसर हसायला लागले. सर हसले नाहीत. “बघतो” म्हणाले आणि पेपर ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या त्यांनी फळ्यावर ऑक्सिजन काढला, बाण खाली, आणि म्हणाले, “हे बरोबर आहे. काल मी चूक म्हटलं, ती माझी चूक.” बस्स, एवढंच. मग हजेरी घ्यायला लागले. मी पुढे शिक्षक झाले त्याला काही कारण असेल तर ती सकाळ.

आम्ही दोघी शिक्षकच झालो. वेगवेगळ्या ज्युनियर कॉलेजांत, पण एकाच शहरात. लग्नं झाली, मुलं झाली, कोथरूडची शेतं जाऊन सोसायट्या आल्या आणि तिच्या बसस्टॉपच्या मागे आता क्लासचे बोर्ड लागले. आमची मैत्री मात्र तशीच राहिली. तिच्या मुलीचं बारसं माझ्या घरी झालं, माझ्या सासूबाईंच्या आजारपणात डबा तिच्या घरून यायचा. मी तिला माझी बहीण म्हणत नव्हते, कारण बहिणीशी माझं इतकं जमत नाही.

वर्गात चौकोन शिकवताना मी पहिल्या दिवशी बाण वर काढायचे, दुसऱ्या दिवशी मुद्दाम खाली. कोणीतरी “मॅडम, उलटं झालं!” असं ओरडेपर्यंत थांबायचे. ओरडलं की बस सांगायची. मैत्रिणीने शोधलेली आहे, हेही सांगायचे. मला त्याचा अभिमान होता. बहुतेक मुलं तरीही वरच काढायची, सवयीने. पण काहीजणांना ती गंमत लागायची आणि ती हट्टाने खाली काढत.

एका वर्षी अशी एक मुलगी होती. मार्केट यार्डात तिच्या वडिलांचा मसाल्याचा गाळा. वर्गात आली की तिच्या दप्तराला धण्याचा वास यायचा, आणि ती प्रश्न असा विचारायची की उत्तर देताना मला सरळ उभं राहावं लागे. बस सांगितली त्याच दिवशी तिने विचारलं, “मॅडम, मग एक्झॅममध्ये खाली काढले तर चालतील?” मी म्हटलं, “चालतील. बरोबर असलेलं चालतंच.” तिने मान हलवली आणि तेव्हापासून तिचे सगळे एकटे बाण खाली. तिला बी.एस्सी. केमिस्ट्री करायचं होतं, आणि तेही आम्ही दोघी शिकलो त्याच कॉलेजात. तिथे बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो आणि यादी फार वर थांबते, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

बोर्डाच्या पेपरात मँगनीजचा आयन आला. दोन धन भार असलेला. थ्री डीचे चौकोन भरा आणि एकटे, म्हणजे जोडी नसलेले, इलेक्ट्रॉन किती ते लिहा. सुंदर प्रश्न. मँगनीजमध्ये भरताना फोर एस आधी भरतं, पण आयन होताना इलेक्ट्रॉन निघतात ते त्याच फोर एसमधून, थ्री डीमधून नाही. हे ज्याला कळलं त्याच्याकडे थ्री डीचे पाच उरतात, पाच चौकोनांत एकेक, तोंडं एका दिशेला. एकटे पाच. ज्याला कळलं नाही तो थ्री डीमधून दोन काढतो आणि तीनवर येऊन बसतो.

पेपर झाला त्या दुपारी ती गेटवर माझी वाट बघत थांबली होती. “मॅडम, मँगनीज आला! मी पाचही खाली काढले.” तिच्या मागे आमच्या वर्गातली आणखी चार-पाच मुलं होती. त्यांनीही खाली काढले होते, तिच्या नादाने. मी म्हटलं, “मस्त. आता फिजिक्सकडे बघा.”

तपासणीआधी परीक्षकांची सभा असते. एका शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला बोलावलं होतं. व्यासपीठावर चीफ मॉडरेटर, बारामतीकडचे एक वयस्कर गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारी मॉडरेटर म्हणून माझी मैत्रीण. तिला हे काम मिळालं याचा मला किती आनंद झाला होता! आदल्या आठवड्यात मीच पेढे आणले होते. सभेत आदर्श उत्तरपत्रिका वाचून दाखवतात, कशाला किती मार्क ते ठरतं, आणि एकदा ठरलं की सगळ्यांनी त्याप्रमाणे तपासायचं. रसायनशास्त्राचा भाग मैत्रीण समजावून सांगत होती.

मँगनीजपाशी आल्यावर ती फळ्याकडे वळली. पाच चौकोन काढले. मग बाण. मी बघत होते. तिने पाचही रेघा वरून खाली ओढल्या, सरसर, जशा ती गेली कित्येक वर्षं ओढत आली होती. खडू खालीच होता, एक क्षण तिथेच थांबला. आणि मग तिने हात वर नेला आणि पाचही रेघांना वरच्या टोकाला तोंडं काढली.

ती म्हणाली, “आकृतीला दोन मार्क, संख्येला एक. बाण वर असले पाहिजेत. खाली असतील तर आकृतीला शून्य.”

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. पुढच्या रांगेतले एक सर मान डोलावून लिहून घेत होते. मी उभी राहिले.

“मॅडम,” मी म्हटलं, कारण सभेत आम्ही एकमेकींना मॅडमच म्हणायचो, “पाचही खाली असतील तर? सगळे एकाच दिशेला आहेत.”

“आदर्श उत्तराप्रमाणे, मॅडम.”

“पण नियम एकाच दिशेचा आहे, वरचा नाही.”

“मॅडम, आपण वर्गात नाही आहोत.”

माझं डोकं फिरलं. मला आठवलं ते मी बोलले. “आणि बस कोथरूडहून येत असली तर?”

हॉलमध्ये दोनशे माणसं असतील, त्यांतल्या फक्त एका माणसाला हा प्रश्न कळणार होता आणि ते माणूस व्यासपीठावर होतं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्या मी ओळखते. मग ती हॉलकडे वळून हसली आणि म्हणाली, “मॅडमना घरी जायची घाई झालेली दिसते. बसचं नंतर बघू.”

सगळे हसले. पुण्यात माणसाला खाली बसवायला एवढं पुरतं. मी बसले.

तपासणी सुरू झाली. माझ्या गठ्ठ्यात खाली तोंडाचे बाण असलेल्या काही उत्तरपत्रिका आल्या. कोणाच्या ते कळत नाही, नंबर असतात आणि तेही झाकलेले. माझ्या मुलांच्या असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, गठ्ठे कुठल्याही गावचे कुठेही जातात. पण कोणीतरी शिक्षक त्यांनाही हे नीट शिकवून गेला असेल, असं मला वाटलं आणि मी दोन मार्क दिले. लाल शाईने, ठळक. परीक्षक लाल शाईने तपासतो आणि मॉडरेटर त्यातल्या काही उत्तरपत्रिका हिरव्या शाईने पुन्हा तपासतो. दुसऱ्या दिवशी त्यांतली एक माझ्या टेबलावर परत आली. माझ्या दोनावर हिरवी रेघ, शेजारी हिरवं शून्य आणि खाली तिची सही. गंमत अशी की खालचा ‘पाच’ आणि त्याचा एक मार्क तसाच ठेवलेला. म्हणजे चूक आकृती बघून मुलाने बरोबर संख्या मोजली होती म्हणायची.

चहाच्या वेळी मी तिला व्हरांड्यात गाठलं.

“हे काय आहे?”

“अगं, वरून आलंय,” ती म्हणाली. चहावरची साय बोटाने काढत होती. “चीफ मॉडरेटरांनी ठरवलं. मी काय करणार?”

“तू बोललीस का त्यांच्याशी?”

“बोलले. ऐकत नाहीत. जुनी माणसं आहेत. तू नको उगाच वाढवू.”

मला राग आला होता, पण त्यातला बराचसा तेव्हा त्या बारामतीच्या गृहस्थांकडे गेला. तिच्यावर मला दयासुद्धा आली. भित्री आहे, पहिल्यापासून भित्रीच, दाराबाहेर उभी राहणारी, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. मैत्रीत अशी एक सोय असते, माणसाचे जुने दोष कामाला येतात.

शेवटच्या दिवशी हिशेबाचे कागद सह्या करून द्यायला मी चीफ मॉडरेटरांच्या खोलीत गेले. मला ओळखून ते म्हणाले, “बसवाल्या मॅडम ना तुम्ही?” मी हो म्हटलं, आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, की सर, ते बाण तुम्ही असे का ठरवलेत.

त्यांनी चष्मा काढला. “मी? मी तर म्हणत होतो, दोन्ही चालू द्या. एका दिशेला हायेत म्हणजे झालं. पोरांचं कशाला मारायचं? पण तुमच्या मॅडमनीच लई लावून धरलं. म्हणाल्या, ही पुण्यातल्या एका कॉलेजची खोड आहे, तिथं एक बाई मुद्दाम असं शिकवतात, त्याला उत्तेजन नको. मला वाटलं, त्या पुण्याच्या, त्यांना माहीत.”

खोड. मी तो शब्द जिना उतरताना तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. कोणाची खोड? रेघ वरून खाली ओढून परत वर जायचा कंटाळा कोणाला होता?

ती पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले.

“माझी खोड आहे म्हणून सांगितलंस?”

तिने नाकारलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आधी तिने कोणी ऐकत नाही ना ते इकडेतिकडे बघून घेतलं आणि मग ती दबक्या आवाजात बोलली. “मग काय करायला हवं होतं? आपण मैत्रिणी आहोत हे सगळ्यांना माहीत आहे. तू खाली काढायला शिकवतेस, हेही माहीत आहे. मी दोन्ही चालेल म्हटलं असतं, तर मैत्रिणीच्या मुलांसाठी नियम वाकवला म्हणाले असते. माझं हे पहिलंच वर्ष आहे.”

“नियम वाकवला असता?” मी म्हटलं. “अगं, नियम तू वाकवलास. सरळ होता तो.”

“दोन मार्कांनी कोणाचं काही बिघडत नाही.”

“तुझं बिघडलं होतं. रडली होतीस तू दोन मार्कांना.”

ती सीटवर बसली. स्कूटर सुरू केली. जाताना म्हणाली, “रविवारी येणारेस ना, लाडू केलेत,” अगदी रोजच्यासारखं, आणि गेली. त्या लाडवांचं मला फार लागलं. भांडली असती, मला मूर्ख म्हणाली असती, तरी चाललं असतं. तिच्या लेखी काही झालंच नव्हतं.

मला स्पष्ट लिहायचं आहे: तिने माझा विश्वासघात केला. या शब्दाला मी बरेच दिवस पर्याय शोधले. तोंडघशी पाडलं, पाठ फिरवली, असं काहीतरी मऊ. एकही बसला नाही. तिने मला एकटीला फसवलं असतं तर मी कदाचित गिळलंही असतं. पण मी तिची गोष्ट, तिच्या नावाने, दरवर्षी वर्गभर मुलांना दिली होती. मुलांनी ती माझ्याकडून घेतली आणि घेऊन परीक्षेला गेली. तिथे हिरवी शाई घेऊन तीच बसली होती.

निकाल लागला. माझ्या वर्गातल्या त्या मुलीचे मार्क चांगलेच होते, तिच्या हिशेबाने मात्र कमी. त्या काळात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची सोय नुकतीच सुरू झाली होती. तिने मागवली आणि कॉलेजच्या व्हरांड्यात मला गाठलं. वडील बरोबर होते, गाळ्यावरून तसेच आलेले, हातात टोपी. झेरॉक्सवर शाईचा रंग कळत नाही, पण फुली कळते. पाच चौकोन, पाच सरळ, नीटनेटके, खाली बघणारे बाण, आणि त्यांच्यावरून तिरकी रेघ. बाजूला शून्य. खाली ‘पाच’, त्याला एक मार्क.

“मॅडम, तुम्ही म्हणाला होतात चालतील.”

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती, जसं वर्गात विचारायची, आणि मी नेहमीसारखी सरळ उभी राहिले.

“बरोबर आहे तुझं,” मी म्हटलं.

“मग फेरतपासणीला टाकू?”

“टाक. पण बदलणार नाही. सभेत ठरलं होतं.”

“सभेत?” ती म्हणाली. “सभेत कसं ठरवतात? इलेक्ट्रॉनचं?”

तिच्या वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “चल बेटा. मॅडमला त्रास नको.” माझ्याकडे बघून त्यांनी नमस्कार केला, अदबीने, आणि त्या अदबीत मला जे कळायचं ते कळलं. त्यांच्या दृष्टीने बाईंनी चुकीचं शिकवलं होतं आणि ते मोठेपणाने सोडून देत होते.

मी खुलासा करू शकले असते. एका बाईचं नाव सांगायचं, बस. तोंडाशी आलं होतं. पण मग मला त्या मुलीला हेही सांगावं लागलं असतं, की कोथरूडची बस जिने शोधली तीच ही. आणि मला ते जमलं नाही. त्या मुलीकडे त्या विषयातलं काहीतरी न डागाळलेलं राहू दे, असं वाटलं. फेरतपासणीचं उत्तर आलं, बदल नाही. त्या कॉलेजची यादी तिच्या जरा वर थांबली. तिने दुसरीकडे कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. आज तिचं चांगलं चाललं आहे म्हणून ऐकते, हिंजवडीला असते. केमिस्ट्री मात्र सुटली. तिच्यानंतर माझ्या वर्गात मला सरळ उभं करणारं फारसं कोणी आलं नाही.

मैत्रिणीकडे त्या रविवारी मी गेले नाही. पुढच्याही नाही. ती दोनदा फोन करून ‘काय गं, कुठे आहेस’ म्हणाली, मग तिनेही सोडून दिलं. आता लग्नाकार्यात भेटते. “बारीक झालीस” म्हणते. दोनेक वर्षांनी ती चीफ मॉडरेटर झाली. पेढे तिने घरी पाठवले होते, घरच्यांनी खाल्ले.

पुढच्या वर्षी चौकोनांचा दिवस आला. नवा वर्ग, नवा खडू. मी फळ्यावर नायट्रोजन काढला. टू पीचे तीन चौकोन, तीन इलेक्ट्रॉन, सोप्यातला सोपा. तीन रेघा वरून खाली ओढल्या आणि खडू खाली टेकवून थांबले. हॉलमधला तिचा हात आठवला, तोही इथेच थांबला होता. मग मी हात उचलला, वर नेला आणि तिन्ही बाणांना वरच्या बाजूला तोंडं काढली.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं. दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

“मॅडम, तिन्ही खाली काढले तर?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “आणि शून्य मिळतं.”

मुलांनी दोन्ही लिहून घेतलं.